चौदा नंबरचा भगोना कुणाला सापडत नव्हता: एका भाषणाचं प्रकरण

मंडळाच्या सचिवांनी निरोप दिला तो असा: वीस मिनिटं बोला, इंग्रजी जरा कमीच वापरा, आणि ऐकणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर करून बघता येईल असं काहीतरी सांगा. मंडळ इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतलं. कुणी बर्तनवाले, कुणी कापडवाले, दोन-तीन नमकीनवाले, पूजेचं साहित्य विकणारे. बरेचसे मराठी घरांतले, पण गल्ल्यावर बसले की हिंदी-मराठी एकाच वाक्यात बोलणारे. करोनानंतर यांतल्या बहुतेकांनी कुणा भाच्या-पुतण्याच्या हातून आपला माल अमेझॉन, फ्लिपकार्ट नाहीतर मीशोवर चढवला होता, आणि तक्रार सगळ्यांची एकच होती: "माल टाकलाय हो ताई, पण दिसतच नाही कुठे."

दुकानांच्या मालाची ऑनलाइन नोंदणी करून देणं हा माझा रोजचा धंदा. या तक्रारीवर फोटो, किंमत, जाहिरात, रेटिंग अशा पुष्कळ बाजूंनी बोलता आलं असतं. मी एकच बाजू घेतली, मालाचं शीर्षक. कारण फोटो आणि किंमत यांचा नंबर माल समोर आल्यावर लागतो, आणि इथे तर माल समोरच येत नव्हता. शिवाय शीर्षक बदलायला पैसा लागत नाही, आणि व्यापारी मंडळात ही गोष्ट ऐकली की पाठीमागच्या रांगेतले लोकही मोबाइल खाली ठेवतात.

उदाहरण मंडळातलंच घेतलं. बर्तन बाजारातले एक काका, पितळी भांड्यांचं जुनं दुकान. त्यांच्या पुतण्याने टॅलीतली आयटमची यादी एक्सेलमध्ये काढून ती जशीच्या तशी वर चढवली होती. आतून कल्हई केलेल्या एका पितळी भगोन्याचं शीर्षक अमेझॉनवर असं दिसत होतं:

```
PTL BHG 14 NO SPL HVY KALAI
```

काकांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं, आणि दुकानापुरतं पाहिलं तर त्यांचं बरोबरच होतं. नोकराला "बीएचजी चौदा स्पेशल हेवी" म्हटलं की तो माळ्यावरून नेमकं तेच भांडं उतरवतो. चौदा नंबर हे कारखान्याचं माप, स्पेशल म्हणजे जाड पत्र्याचा माल, हेवी म्हणजे त्याहून वजनदार. टॅलीतलं नाव माल ओळखणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं असतं. ऑनलाइनचा गिऱ्हाईक माल ओळखत नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक असतं की आपल्याला दूध तापवायला पितळेचं भांडं हवंय.

भाषणाआधी मी काकांच्या दुकानात बसून त्यांच्या खात्याचे आकडे पाहिले. त्यांनी त्या भगोन्यावर थोडी जाहिरातही लावली होती, आपोआप चालणारी, म्हणजे कोणत्या शोधावर दाखवायची हे अमेझॉनच ठरवतं. कोणते शब्द टाइप केल्यावर जाहिरातीवर क्लिक झालं, याचा अहवाल विक्रेत्याला मिळतो. तो उघडला तर त्यात चौदा इंचाच्या कढया आणि तवे शोधणारी माणसं. अशी जाहिरात मालाच्या माहितीवरूनच शोध जुळवते, आणि काकांच्या माहितीत यंत्राला कळेल असा `14` सोडून फारसं काही नव्हतं. काका म्हणाले, "म्हणजे पैसे माझे आणि गिऱ्हाईक कढईचं!" भाषणात हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने वापरलं, आणि हशा तिथेच पिकला.

भाषणाची सुरुवात चिठ्ठ्यांनी केली. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली आणि सांगितलं: घरी तीन लिटर दूध तापवायचंय, पितळेचं भांडं ऑनलाइन मागवायचंय, तर मोबाइलवर काय टाइप कराल ते लिहा, जसं टाइप कराल तसंच. चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर उतरवल्या. `pital ka bhagona`, `peetal patila`, `brass milk pot`, `pital patele`, `brass tapeli`, `brass vessel 3 litre`, `pital bhagona kalai wala`. एक चिठ्ठी देवनागरीत होती, तीही मराठीत: पितळी पातेलं झाकणासह. ज्यांचं सासर गुजरातेतलं त्या वहिनींनी तपेली लिहिलं, मुंबईत वाढलेल्या एकाने टोप. स्पेशल कुणी मागितलं नाही, हेवी कुणी म्हटलं नाही, आणि खुद्द बर्तनवाल्यांपैकीही एकानेसुद्धा चौदा नंबर लिहिला नाही. काकांनी स्वतः काय लिहिलं होतं? `pital bhagona`.

एवढं झाल्यावर अर्धं भाषण संपल्यासारखंच होतं. पण यंत्र आत काय करतं हे सांगितलं नाही, तर माणसं परत जाऊन शीर्षकात दिसेल तो शब्द कोंबतात. म्हणून ते सांगायला वेळ घेतला, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांना पाठ असलेली एकच उपमा घेतली, रोजमेळ आणि खतावणीची. रोजमेळात नोंदी तारखेवार पडतात. कुण्या पार्टीचं येणं काढायचं असेल तर आपण वर्षभराचा रोजमेळ चाळत नाही, खतावणीत त्या नावाचं पान उघडतो. शोधयंत्र हेच करतं. तुम्ही माल चढवता तेव्हाच त्याच्या माहितीतला एकेक शब्द सुटा करून त्या त्या शब्दाच्या पानावर मालाचा क्रमांक खतवला जातो. एक पान `brass`चं, एक `bhagona`चं, एक `litre`चं. गिऱ्हाईकाने `brass bhagona` टाइप केलं की ही दोन पानं उघडतात आणि दोन्हींवर असलेले क्रमांक उचलले जातात. लाखो वस्तू त्या क्षणी कुणी उघडून पाहत नाही. तसं केलं तर उत्तर यायला गिऱ्हाईक चहा पिऊन परत येईल.

आता काकांचा भगोना कोणत्या पानांवर खतवला गेला होता? `PTL`, `BHG`, `14`, `NO`, `SPL`, `HVY`, `KALAI`. ही पानं शेवटचं सोडलं तर भगोना शोधणारा कुणी उघडतच नाही. यंत्र शुद्धलेखन थोडंफार सांभाळून घेतं, `pital` आणि `peetal` एकच असावं हे लोकांच्या टाइप करण्यावरून शिकतं. पण `BHG` म्हणजे भगोना हे त्याला कोण सांगणार? फोटोवरून यंत्रं आता बरंच ओळखायला लागली आहेत, तरी टाइप केलेल्या शोधाची मुख्य मदार अजून लिहिलेल्या शब्दांवरच असते.

या टप्प्यावर पहिल्या रांगेतल्या एका कापडवाल्यांनी हात वर केला. "ताई, वर्णनात तर सगळं लिहिलंय की. मग शीर्षकच कशाला?" प्रश्न अगदी नेमका. वर्णन, मुद्दे, मागच्या बाजूला भरायचे शोधशब्द, प्रकार आणि धातू असे रकाने, हे सगळं कमी-अधिक वाचलं जातंच. पण शीर्षकातल्या शब्दाचं वजन साधारणपणे जास्त धरलं जातं, कारण वस्तू मुळात काय आहे हे तिथे लिहिलेलं असतं. वर्णनात "हा भगोना कढईबरोबर वापरा" असं असलं म्हणून तो कढई होत नाही. दुसरं कारण माणसाच्या बाजूचं: यादीत वर्णन दिसतच नाही. दिसतो फोटो, किंमत, तारे आणि शीर्षकाचा पुढचा तुकडा. गूगलच्या खरेदीच्या यादीसाठी शीर्षक १५० अक्षरांपर्यंत देता येतं, पण गूगल स्वतःच सांगतं की गिऱ्हाईकाला बहुधा पहिली ७० किंवा त्याहून कमी अक्षरंच दिसतात. म्हणजे एकाच ओळीला दोन कामं: यंत्राच्या खतावणीत योग्य पानांवर जाणं, आणि अंगठ्याने भराभर वर सरकवणाऱ्या माणसाला थांबवणं.

मग सगळ्यांसमोर, काकांना उभं करून, नवं शीर्षक बांधलं. पहिला प्रश्न मापाचा. चौदा नंबर म्हणजे किती लिटर? काका म्हणाले, तीन-साडेतीन असेल. असेल म्हणून चालत नाही. आणि वेगवेगळ्या कारखान्यांचा चौदा नंबर हुबेहूब सारखा असेलच असंही नाही. भांडं आणलेलंच होतं, शेजारच्या चहावाल्याकडून मापाचा जग मागवला. काठोकाठ साडेतीन लिटर बसलं. पण दूध काठोकाठ तापवतो कोण? उतू जाऊ न देता वापरता येतं ते तीनच. शीर्षकात तीन लिहायचं ठरलं, आणि काठोकाठ साडेतीन हे खालच्या मुद्द्यांत. काकांचा जीव साडेतीनसाठी तुटत होता, मोठा आकडा बरा दिसतो म्हणून. पण आधीच्या दोन परताव्यांवर गिऱ्हाईकांनी कारण काय दिलं होतं ते मी वाचून दाखवलं: "अपेक्षेपेक्षा लहान." परत आलेल्या पितळी भांड्यावर पोचे असतात, ते नवं म्हणून विकता येत नाही, आणि जाण्या-येण्याचं भाडं वजनावर लागतं. मग काका गप्प झाले.

दुसरा प्रश्न नावाचा. फळ्यावर भगोना, पतीला, पातेलं, तपेली, टोप अशी पाच नावं होती. सगळी शीर्षकात घातली तर वाचणाऱ्याला ते भांड्याचं नाव वाटणार नाही, यादी वाटेल. निवड कशी करायची याचा साधा मार्ग दाखवला. शोधपेटीत `pital` एवढंच टाइप करून थांबायचं. खाली उतरणाऱ्या सूचना म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या शोधांवरून आलेली नावं. हे शक्यतो आपल्या खात्यातून बाहेर पडून करायचं, नाहीतर आपलेच जुने शोध आपल्याला दिसतात. मग सुचवलेला एकेक शब्द शोधून पाहायचा: समोर आलेला माल आपल्यासारखा आहे का? हे दुसरं पाऊल लोक गाळतात. मोबाइल पडद्यावर जोडून आम्ही `brass pot` शोधलं, तर कुंड्या आणि शोभेच्या वस्तू जास्त. तो शब्द बाद. भगोना आणि पतीला यांच्यासाठी मात्र नेमकी आपल्यासारखी भांडी आली. ही दोन शीर्षकात, बाकीची मागच्या शोधशब्दांच्या रकान्यात. फळ्यावर शेवटी हे उरलं:

```
Pital Bhagona 3 Litre, Brass Patila with Kalai Tin Coating and Lid
```

मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरं. वस्तू, धातू आणि माप पहिल्या तीन-चार शब्दांत. फोनवर कुठेही कापलं गेलं तरी "पितळी भगोना तीन लिटर" एवढं उरतंच. धातू हिंदीत एकदा आणि इंग्रजीत एकदा, कारण दोन्हींची पानं वेगळी. कल्हईचंही तसंच. कल्हई हा शब्द फक्त शोधासाठी नाही, हेही सांगायला हवं होतं. पितळेचं भांडं आतून कथलाचा थर नसेल तर आंबट पदार्थांना चालत नाही, हे जाणणारा गिऱ्हाईक कल्हई आहे की नाही हे आधी बघतो. शीर्षकात ते नसलं तर क्लिक न करताच पुढे जातो.

ब्रँडचा प्रश्न ओघाने आलाच. दुकानाचं नाव पुढे लावू का? प्लॅटफॉर्मच्या त्या वर्गातल्या नियमात ब्रँड आधी मागितला असेल तर लावावाच लागतो. नसेल तर माझं मत असं की इंदुरात चार पिढ्यांचं नाव असलं तरी रायपूरचा माणूस ते टाइप करणार नाही, त्याला पहिली जागा देऊ नये.

प्रश्नोत्तरांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो कोंबाकोंबीवर. एकाने पुतण्याचा सल्ला सांगितला: "पितळ पितळ पितळ असं चारदा लिहिलं की वर येतं म्हणे." खतावणीत एका पार्टीचं पान एकच असतं, नाव चारदा लिहून येणं चौपट होत नाही. शिवाय अमेझॉनने २०२५ मध्ये शीर्षकाचे नियम आवळले. बहुतेक वर्गांत २०० अक्षरांची मर्यादा, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, डॉलरचं चिन्ह अशी चिन्हं ब्रँडच्या नावातच नसतील तर बंद, आणि किरकोळ जोडशब्द वगळता एकच शब्द दोनपेक्षा जास्त वेळा नको. "बेस्ट क्वालिटी", "धमाका ऑफर" वगैरेंना तर जागाच नाही. कोण शोधतो हो "बेस्ट क्वालिटी"?

कोंबण्याची दुसरी तऱ्हा अधिक महागात पडते. जे नाही ते लिहिणं. यंत्रमागावरच्या साडीच्या शीर्षकात महेश्वरी हातमाग लिहिलं तर ती दिसेल, विकलीही जाईल. मग ती परत येईल, खाली एक तारा पडेल, आणि त्या ताऱ्यांमुळे पुढच्या शोधांत माल आणखी खाली जाईल. महेश्वरी साडीला भौगोलिक संकेताची नोंदणी आहे, म्हणजे मामला फक्त ताऱ्यांचाही राहत नाही. मागच्या रांगेत यावर थोडी कुजबुज झाली. मी नावं विचारली नाहीत.

शीर्षकाच्या मर्यादाही भाषणातच सांगितल्या, नाहीतर आठवड्याने सगळे माझ्या दारात. शीर्षक माल यादीत बसवतं. यादीत वर कोण, हे विक्री, किंमत, रेटिंग, माल शिल्लक आहे का, किती दिवसांत पोचतो, यांवरही ठरतं. त्यामुळे दोष कुठे आहे हे ओळखायची एक साधी तपासणी दिली. अहवालात तीन आकडे बघा: माल किती वेळा दिसला, किती क्लिक झाले, किती ऑर्डर आल्या. दिसलाच नसेल तर शीर्षक किंवा वर्ग चुकला. भगोना चुकून शोभेच्या वस्तूंत टाकला असेल तर चांगलं शीर्षकही फार काही करू शकत नाही. भरपूर दिसला पण क्लिक नाहीत, तर फोटो, किंमत किंवा शीर्षकाचे पहिले शब्द. क्लिक आहेत आणि ऑर्डर नाहीत, तर शीर्षकाला हात लावू नका, आतलं पान आणि पोचवण्याचा खर्च पाहा.

काकांचं शीर्षक त्याच रात्री बदललं, फक्त त्या एका मालाचं. किंमत, फोटो, जाहिरातीचा खर्च मुद्दाम तसाच ठेवला, म्हणजे फरक कशाने पडला हे कळेल. बदलाची तारीख वहीत. नवं शीर्षक पानावर दिसणं आणि ते शोधात रुजणं यांत वेळ जातो, म्हणून रोज सकाळी उठून पाहायचं नाही असं बजावलं होतं. काका रोज पाहत होते. रुजलं की नाही हे तपासायला शोधपेटीत मालाचा क्रमांक आणि त्यापुढे शब्द, म्हणजे `bhagona`, असं एकत्र टाकून पाहायचं. आपला माल आला तर त्या शब्दाखाली तो बहुधा खतवला गेलाय. `patila`साठी लगेच आला, मागच्या रकान्यातल्या `tapeli`साठी जरा उशिराने.

पुढच्या अहवालात कढया गेल्या होत्या. `pital ka bhagona` आणि `brass patila with lid` असे शोध दिसू लागले, त्यामागोमाग ऑर्डरही तुरळक सुरू झाल्या. पण दिसण्याच्या मानाने क्लिक कमीच होते. फोटो पाहिला तर कारण लपलेलं नव्हतं: भांडं दुकानाच्या फळीवर, मागे स्टीलचे डबे, आणि शीर्षकात लिहिलेलं झाकण फोटोत नाहीच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर झाकणासकट नवा फोटो काढला. या वेळी शीर्षकाला हात लावला नाही.

या यशाने पुतण्याला हुरूप आला आणि त्याने एक शक्कल काढली. जुन्या, बंद झालेल्या पितळी डब्याच्या पानावर चांगले तारे होते, तर त्याचंच शीर्षक आणि फोटो बदलून तिथे भगोना विकावा. हे मी तिथल्या तिथे थांबवलं. एका वस्तूचं मत दुसऱ्या वस्तूला चिकटवणं प्लॅटफॉर्मच्या नियमात बसत नाही, पान बंद होऊ शकतं, आणि खातंही अडचणीत येतं. शीर्षक त्याच वस्तूचं नीट नाव सांगायला बदलायचं असतं. वस्तू बदलली तर पान नवं.

आता काकांच्या यादीत एकच माल अडलाय, गंगाळ. मराठी घरांत आंघोळीच्या पाण्याचं, हे सांगावं लागत नाही. पण शोधपेटीत `gangal` टाकलं की सूचनाही विशेष येत नाहीत. पुतण्याचं म्हणणं, `urli` लिहू, उरळी खूप शोधली जाते, लोक फुलं तरंगवायला घेतात. पण उरळी उथळ आणि पसरट, गंगाळ खोल. `urli` वाचून मागवणारा ते परत करणार, आणि गंगाळाचं वजन पाहता परतीचं भाडं विक्रीचा नफा खाऊन टाकणार. ज्याला मुळात मागणीच थोडी, त्याला शीर्षकाने मागणी येत नाही. सध्या तरी `Gangal` आणि `Brass Water Vessel` असं सरळ लिहून, लिटरचं माप टाकून, मराठी वस्तीच्या शहरांतून कुणी मागतंय का ते पाहायचं ठरलंय. जाहिरात त्यावर लावलेली नाही.